डीकेएनंतर, म्हणजे मधुमेहात इन्सुलिन कमी पडून कीटोन वाढल्यावर, मुलाला घरी सोडताना: नोटमध्ये काय लिहायचं

‘गोड बंद’ एवढंच लिहून थांबू नकोस. मग मूल कर्बोदकंच टाळतं, घरचे इन्सुलिन कमी करतात आणि कीटोन पुन्हा वाढतात. ‘वेळेवर जेवण, त्यातल्या कर्बोदकांनुसार इन्सुलिन’ असं लिही. उलट्या होत असल्या तरी बेसल, म्हणजे जेवणाशिवायही लागणारं पायाभूत इन्सुलिन थांबवायचं नाही, हे ठळक अक्षरात.

पोटॅशियमला जास्त जप. समज, १४ वर्षांच्या मुलीचं घरी जाताना ३.४ mmol/L, म्हणजे थोडं कमी आहे. इन्सुलिन पोटॅशियम पेशींत ढकलतं, त्यामुळे घरी ते आणखी उतरू शकतं. पण नुसतं ‘पोटॅशियम सिरप चालू’ हेही धोक्याचं, विशेषतः क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं असेल आणि पोटॅशियम साचत असेल, तर. म्हणून:

- डोस आणि बंद करायची तारीख
- एक-दोन दिवसांत फेरतपासणी, क्रिएटिनिनसह
- अहवाल कोण बघणार
- अशक्तपणा किंवा छातीत धडधड झाल्यास लगेच यावं