62 तिकिटं आणि 7 तास

"मॅडम, रोज क्यूत 62 तिकिटं लावत्यात, शिफ्ट संपली तरी 20-25 उरत्यातच. सरांना मेल टाकावा म्हणतोय, पण ते म्हणणार हा कामचुकार आहे. काय लिहू?"

हा मुलगा कागलहून कोल्हापुरात ये-जा करतो, कस्टमर सपोर्टच्या बॅक ऑफिसला आहे, तिथं तिकीट म्हणजे ग्राहकाची एक तक्रार किंवा विनंती. त्याच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. राजारामपुरीत माझ्याकडे आला तेव्हा मोबाईलमध्ये मेलचा ड्राफ्ट तयार होता. सुरुवातीलाच तीनदा सॉरी, मग घरच्या अडचणी, मग "मी खूप प्रयत्न करतोय पण लोड जास्त होतोय". मला वाचून वाईट वाटलं, कारण यातलं एकही वाक्य मॅनेजरच्या उपयोगाचं नव्हतं. लोड जास्त म्हणजे किती, हे कुठंच नाही.

मी विचारलं, जेवतोस कधी? म्हणाला डबा सीटवरच खातो, चहाला उठतच नाही. इथं खरी गोची होती, कारण ब्रेक बुडवून तो रोज तासभर जास्त काम उरकायचा आणि तेवढी तूट वर कुणाला दिसायचीच नाही. त्यात आकडा दिसावा म्हणून सकाळी सोपी तिकिटं आधी उडवायचा, अवघड तक्रारी दुपारी, डोकं दमल्यावर. म्हणजे 24 तासांची मुदत असलेल्या तक्रारीच मागं राहायच्या आणि एस्कलेशन झालं, म्हणजे तक्रार वरच्यांकडं गेली, की बोलणी यालाच.

त्याला म्हटलं, मेल आठवडाभर थांबव. पाच दिवस प्रत्येक तिकिटाला लागलेली मिनिटं वहीत लिही, ब्रेक पूर्ण घे, आणि सगळ्यात चांगला दिवस धरू नको, सरासरी धर. शेजारच्या दोघांना त्याच प्रकारच्या तिकिटाला किती वेळ लागतो तेही बघायला सांगितलं. हे महत्त्वाचं आहे, कारण इतरांना 8 मिनिटं आणि याला 16 लागत असती तर प्रश्न क्यूचा नव्हता, ट्रेनिंगचा होता, मग मेलही ट्रेनिंग मागणाराच लिहायला लागला असता. याचा वेळ इतरांएवढाच निघाला.

मग हिशोब मांडला. शिफ्ट 9 तासांची, त्यातून ब्रेकचा 1 तास, सकाळची मीटिंग, शेवटचा रिपोर्ट आणि दुसऱ्या टीमला विचारपूस मिळून अजून 1 तास, हातात राहिली 420 मिनिटं. आणि क्यू होती 630 मिनिटांची. हा आकडा बघून तो गप्पच बसला, म्हणाला मी तर समजत होतो मीच स्लो आहे.

मेल त्यानं इंग्रजीत पाठवला, मजकूर साधारण असा:

"सर, आज क्यूत 62 तिकिटं आहेत. 14 तक्रारी प्रत्येकी 15 मिनिटं, मोबाईल-पत्ता बदलाची 30 प्रत्येकी 8 मिनिटं, जुने फॉलोअप 18 प्रत्येकी 10 मिनिटं, एकूण 630 मिनिटं. कामाला 420 मिळतात. आजचा क्रम असा ठेवतोय: आधी सगळ्या तक्रारी, मग आज मुदत संपणारी बदलाची 20, मग सगळ्यात जुने 2 फॉलोअप. 30 मिनिटं लांबणाऱ्या तिकिटांसाठी राखीव. उद्या मुदत असलेली बदलाची 10 आणि 16 फॉलोअप आज होणार नाहीत. ते संध्याकाळच्या शिफ्टला द्यायचे की उद्यावर ढकलायचे, हे तुम्ही ठरवा. क्रम बदलायचा असेल तर 11 पर्यंत सांगा, तोपर्यंत मी तक्रारींवर आहे."

ती राखीव 30 मिनिटं त्याला पटत नव्हती, रिकामी बसतोय असं दिसेल म्हणून. पण 420 च्या 420 भरली की एक तक्रार लांबली तरी मागचं सगळं कोसळतं, आणि मग मेलमधला आकडाच खोटा ठरतो. आणि मेल शिफ्ट सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाठव म्हटलं, कारण सहा वाजता आलेला मेल सरांना सबब वाटतो, सकाळी साडेनऊला आला तर त्यांना माणसं हलवायला वेळ असतो. एचआरला सीसीत घ्यायचा त्याचा विचार होता, तो मी सोडायला लावला. पहिल्याच मेलला वरचे लोक दिसले की सर आकडे बघायच्या आधी स्वतःचा बचाव करायला लागतात.

सरांनी पावणेअकराला उत्तर दिलं. फॉलोअप संध्याकाळच्या शिफ्टला गेले, पण एका मोठ्या ग्राहकाचे तीन मात्र त्यांनी याच्याकडेच वर घ्यायला सांगितले, त्यामुळं बदलाची चार मागं गेली. हे बरंच झालं, कारण तो ग्राहक महत्त्वाचा आहे हे याला माहीतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात क्यू 48 वर आली. अजूनही जास्तच आहे, म्हणून तो रोज सकाळी तोच मेल नवे आकडे घालून पाठवतोय, आणि डबा आता कँटीनमध्ये खातोय.