कुर्त्यातल्या फोटोवर एप्रन आणि स्टेथो

प्रश्न: माझी मोठी बहीण एमबीबीएस आहे, घणसोलीला तिचं क्लिनिक आहे. वेबसाइटसाठी तिचा एक छान फोटो आहे, पण तो मरून कुर्त्यातला. नव्याने फोटोशूट करायला तिला वेळ नाही. फोटोशॉपमध्ये त्यावर एप्रन आणि स्टेथोस्कोप घालता येईल का, चिकटवल्यासारखं न दिसता? आणि सगळी साइट एकसारखी दिसावी म्हणून रिसेप्शनिस्ट आणि डाएटिशियनच्या फोटोंनाही तसंच करावं का?

उत्तर:

घालता येतो, आणि नीट केलं तर कळतही नाही. पण एप्रनचं तयार चित्र नेटवरून उतरवून घेऊ नका. ठाण्यात नौपाड्याला माझा छोटा स्टुडिओ आहे, आणि डॉक्टरांचे असे फोटो दुरुस्तीला येतात त्यातले बहुतेक त्या तयार चित्रामुळेच बिघडलेले असतात. त्या एप्रनवर उजेड एका बाजूचा, चेहऱ्यावर दुसऱ्या बाजूचा. आत कुणाचा तरी शर्ट-टाय असतो, त्यामुळे डोकं उचलून परक्या गळ्यावर बसवावं लागतं. गळ्याची कातडी जुळवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम. रंग जुळला तर मानेची जाडी जुळत नाही, ती जुळली तर कॉलरच्या आतली सावली चुकते.

तुमच्याकडे याहून सोपा रस्ता आहे. एप्रन ताईंचाच, स्टेथो त्यांचाच, आणि तो घालणाऱ्याही त्याच. ओपीडी सुरू व्हायच्या आधी त्यांना तोच मरून कुर्ता घालायला सांगा, वरून एप्रन, बटणं उघडी, गळ्यात स्टेथो. मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. केस, मेकअप, हसू यांची काळजी नको, कारण या फोटोतून आपल्याला फक्त एप्रन आणि स्टेथो उचलायचा आहे. (त्यातला एखादा चेहऱ्यासकट चांगला आला, तर तोच सरळ वापरा.) कुर्ता तोच असण्याचं कारण असं की मग जोड कातडीवर येत नाही, कापडावर येतो. चेहरा, मान, कुर्त्याचा गळा हे सगळं जुन्या फोटोतलं जसंच्या तसं राहतं आणि एप्रनची लॅपल त्या कुर्त्यावर येऊन बसते. कापडावर कापड असलं की नजर फसते.

फोटो काढण्याआधी जुना फोटो मोठा करून डोळ्यांत बघा. बुबुळावर जो पांढरा ठिपका चमकतो तो उजेडाची जागा सांगतो, आणि नाकाची सावली ज्या गालाकडे पडते त्याच्या उलट बाजूला उजेड असतो. ताईंना खिडकीजवळ तसंच उभं करा. खांदे जितके वळलेले आहेत तितकेच वळलेले हवेत, नाहीतर एक लॅपल रुंद आणि दुसरी अरुंद होते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर एप्रनची एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट येईल आणि पांढऱ्यावर ते लगेच दिसतं. मागे पांढरी भिंत नको, एप्रनची कड तिच्यात हरवते. राखाडी किंवा निळी चादर चालेल. मोबाइल छातीच्या उंचीवर धरा, साधारण दोन मीटर लांब उभे राहा आणि 2x वर काढा. जवळून साध्या लेन्सने काढलं की पुढचा खांदा फुगतो. एप्रनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि कापडाच्या घड्या स्पष्ट दिसेपर्यंत थोडं खाली आणा. एप्रन जरा राखाडी वाटला तरी चालेल, तो नंतर उजळता येतो. जळून पांढरा झालेला भाग मात्र परत येत नाही.

आता जोडणी. फोटोशॉप नसेल तर Photopea ब्राउझरमध्ये चालतं, तिथेही हेच करता येतं. नवा फोटो जुन्याच्या वरच्या लेयरवर ठेवा, Opacity 50 करा, आणि दोन्हीतले डोळे एकमेकांवर बसेपर्यंत लहान-मोठा करा. चेहरा फेकून द्यायचा असला तरी तो फोटोत असू द्या, असं मी म्हणतो ते यासाठी. दोन बुबुळांतलं अंतर जुळलं की एप्रन आणि स्टेथोचं माप आपोआप बरोबर येतं. मग Opacity पुन्हा 100 करून पेन टूलने एप्रन आणि स्टेथोच्या कडेने मार्ग काढा, त्याचं सिलेक्शन करा, एक पिक्सेलचा फेदर द्या आणि मास्क लावा. खोडू नका, मास्कच ठेवा, म्हणजे चुकलेली कड परत आणता येते.

एवढ्यावर थांबलं तर एप्रन कागदासारखा चिकटलेला दिसतो. वाशीच्या एका डॉक्टरांचा फोटो माझ्याकडे याच अवस्थेत आला होता. कटिंग सुरेख होतं, उजेडाची दिशा बरोबर होती, तरी काहीतरी खटकत होतं आणि नेमकं काय ते त्यांना सांगता येत नव्हतं. त्यात दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, लॅपलची सावली. खरी लॅपल आतल्या कपड्यावर एक बारीक गडद रेघ टाकते, कडेशी घट्ट आणि एक-दोन सेंटिमीटरवर विरत जाणारी. एप्रनच्या खाली नवा लेयर घेऊन Multiply मोडमध्ये आतल्या कपड्याच्याच रंगाच्या गडद छटेने मऊ ब्रश फिरवला, उजेडाच्या उलट बाजूला जरा जास्त. शुद्ध काळा वापरला की काजळी लागल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट हनुवटीखाली होती. पांढरा एप्रन अंगावर असला की तो उजेड वर फेकतो आणि हनुवटीखालची सावली उजळते. मूळ फोटोत त्या डॉक्टरांनी गडद रंगाचा शर्ट घातला होता, त्यामुळे हनुवटीखाली दाट सावली होती. एप्रन नंतर आला, पण सावली जुनीच राहिली. डोळ्याला तेच खटकत होतं. चेहऱ्याच्या लेयरवर Curves घेऊन थोडं उजळलं, मास्क पूर्ण काळा केला आणि फक्त हनुवटीखाली व जबड्याच्या कडेला मोठ्या मऊ ब्रशने, दहा-पंधरा टक्के जोराने उघडत नेलं. सावली पूर्ण घालवायची नाही, नाहीतर मान सपाट होते. तुमच्या फोटोत आणखी एक काम निघेल: मरून कुर्ता हनुवटीखाली लालसर झाक टाकतो. तिथेच Hue/Saturation ने लाल रंगाचं सॅच्युरेशन थोडं कमी करा. कुर्ता थोडासाच दिसणार असल्यामुळे झाक पूर्ण जायला नको, निम्मी गेली तरी पुरे.

पांढरा किती पांढरा हवा, हे डोळ्यांवर सोडू नका. आयड्रॉपर फिरवून आकडे बघा. उजेडाकडच्या घडीवर तिन्ही रंग 240 च्या आसपास, सावलीच्या बाजूला 180 च्या आसपास असले की कापडाला गोलाई राहते. सगळीकडे 255 आलं तर तिथे कापड उरलेलं नाही, भोक आहे. तिन्ही आकड्यांत मोठा फरक असेल तर एप्रनवर रंगाची झाक आहे. चेहरा जर उबदार पिवळसर उजेडातला असेल तर एप्रनमध्येही निळा जरा कमी असलेलाच बरा.

स्टेथोबद्दल एकच आग्रह: तो गळ्यात असतानाच एप्रनसोबत टिपा, नंतर वेगळा आणून ठेवू नका. मानेमागे नळी एप्रनच्या कॉलरवरून जाते, एका बाजूला कानात घालायच्या दांड्या लोंबतात आणि दुसऱ्या बाजूला छातीवर ठेवायची चकती. वेगळ्या चित्रात नळी कॉलरच्या आत घुसलेली किंवा हवेत तरंगणारी दिसते, आणि हे सगळ्यात आधी दुसऱ्या डॉक्टरांच्या लक्षात येतं. मापही तिथेच चुकतं. दोन बुबुळांत साधारण 6 सेंटिमीटर अंतर असतं आणि मोठ्यांच्या स्टेथोची चकती साडेचार सेंटिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे चकती त्या अंतराच्या पाऊणपट दिसायला हवी. लहान मुलांच्या स्टेथोची चकती यापेक्षा बरीच छोटी असते.

उजेड जुळत नाही म्हणून एप्रनचा फोटो आडवा उलटवू नका. छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो आणि बटणांची बाजूही बदलते. एप्रनवर जुन्या कॉलेजचं किंवा हॉस्पिटलचं बोधचिन्ह असेल तर ते काढा, कारण त्या संस्थेशी आज संबंध नसेल तर पेशंटची दिशाभूल होते. ताईंचे केस जुन्या फोटोत खांद्यावरून पुढे आले असतील तर मात्र काम दुप्पट होईल. मरून कपड्यावरच्या केसांच्या टोकांना मरून कड असते आणि पांढऱ्यावर ती उठून दिसते. अशा वेळी केस मागे असलेला दुसरा फोटो निवडणं शहाणपणाचं. सगळं झाल्यावर फोटो वेबसाइटवर दिसेल त्याच गोल चौकटीत, त्याच आकारात बघा. चकती अर्धी कापली जात असेल तर क्रॉप थोडा खाली घ्या.

रिसेप्शनिस्ट आणि डाएटिशियनला मात्र हे करू नका. एप्रन आणि स्टेथो बघून पेशंट डॉक्टर समजूनच बोलतो. रिसेप्शनिस्टला गोळीचा डोस विचारला जातो, आणि काउंटरवरच्या मुलीने चांगल्या मनाने काही सांगितलं तरी जबाबदारी ताईंवर येते. साइट एकसारखी दिसायला मागचा रंग, उजेडाची बाजू आणि क्रॉप सगळ्यांचा सारखा ठेवा, तेवढ्याने ती जुळते. डाएटिशियन साध्या फॉर्मल कपड्यांत छान दिसतात, नावाखाली त्यांची पदवी स्पष्ट लिहा. ताईंच्या नावाखाली पदवीबरोबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांकही द्या.

आणि हा फोटो चांगला झाला म्हणून तोच क्लिनिकच्या पाटीवर आणि लेटरहेडवर छापायला देऊ नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेत डॉक्टरने स्वतःचा फोटो लेटरहेडवर किंवा क्लिनिकच्या पाटीवर छापणं ही स्वतःची जाहिरात मानली आहे. पाटी करणारे बहुतेक वेळा फोटो स्वतःहून मागतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.