वाड्यातला नववा हिस्सा

“ताई, माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा बाबांची पहिली बायको हयात होती. आता मोठा भाऊ म्हणतो, वाडा वडिलोपार्जित आहे, तुझा काही संबंध नाही. खरंच माझा हक्क नाही का?”

आहे, पण भाऊ किंवा बहीण यांच्याइतका नाही. इंदूरच्या रामबागेतला हा वाडा या मुलाच्या पणजोबांनी बांधलेला. आजी-आजोबा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच गेले आणि वाडा एकुलत्या एक वडिलांकडे आला. पहिल्या पत्नीपासून त्यांना एक मुलगा, एक मुलगी. 1988 साली त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिली पत्नी 2010 मध्ये वारली, पण म्हणून 1988 चं लग्न कायदेशीर होत नाही; ते मुळातच शून्य होतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 16 मात्र अशा लग्नातल्या मुलाला औरस मानतं. त्याला हक्क मिळतो तो फक्त आई-वडिलांच्या मालमत्तेत, इतर नातेवाइकांच्या नाही.

भावाचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालावर बेतलेलं होतं. 1 सप्टेंबर 2023 ला त्याच न्यायालयाने वेगळा निर्णय दिला: वडिलांच्या मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असं समजून त्यांच्या वाट्याला जे आलं असतं, त्यात या मुलांनाही हिस्सा. जन्मानं ते वाड्याचे सहदायाद, म्हणजे जन्मापासूनचे वाटेकरी, होत नाहीत, त्यामुळे वडील हयात असताना वाटणी मागता येत नाही.

वडील 2022 मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मग हिशेब सरळ आहे. वाड्याचे तीन भाग: वडील, भाऊ, बहीण. वडिलांच्या तिसऱ्या भागाचे पुन्हा तीन, म्हणजे याचा एक नवमांश, आणि त्या दोघांचे चार-चार. सुदामा नगरचा फ्लॅट मात्र वडिलांच्या कमाईचा, त्यात तिघांना सारखा तिसरा हिस्सा. आईला विधवा म्हणून कशातच नाही. हे सांगताना मला दर वेळी जड जातं.

आता पुरावा. शून्य असलं तरी लग्न लागलं होतं हे दाखवावं लागतं. नुसतं एकत्र राहणं होतं असं म्हणायची समोरच्याला वाट ठेवायची नाही. आईनं ट्रंकेतून एक फोटो काढला. रंग उडालेला, पण तांदळाच्या राशींवरच्या सुपाऱ्या आणि तिचं उजवं पाऊल स्पष्ट दिसतं. सोबत मुलाचा जन्मदाखला, वडिलांच्या नावासकट.

भावानं तहसिलीत नामांतरण करून घेतलं होतं. त्यामुळे मुलगा घाबरला होता. नामांतरण हा करवसुलीचा कागद, त्यानं मालकी ठरत नाही. दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा आणि निकालापर्यंत विक्रीला मनाई, एवढं मी त्याला वकिलांकडून करून घ्यायला सांगितलं.

दाव्यात “आईचा विवाह शून्य होता” असं लिहावं लागतं. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “लिहा.”