टॉवेलच्या कारखान्याला भांडवल कितीला पडतं?

प्रश्न : आमची टेरी टॉवेलची कंपनी शेअर बाजारात आहे. दहा कोटींचे नवे रेपिअर माग घ्यायचे आहेत. अकाउंटंटनी ताळेबंदावरून भांडवलाचा खर्च 11.14 टक्के काढला, सल्लागार 12.97 टक्के म्हणतात. मागांवर कर जाऊन, व्याजाआधी 12 टक्के सुटतात. कुणाचं ऐकू? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

सल्लागारांचं ऐका. 12 टक्केच सुटत असतील तर या भावात माग घेऊ नका.

तुमच्या कागदांवरचे आकडे असे आहेत. एक कोटी शेअर, बाजारभाव 180 रुपये, म्हणजे भागभांडवलाचं बाजारमूल्य 180 कोटी. ताळेबंदात मात्र शेअर भांडवल 10 कोटी आणि गंगाजळी 50 कोटी, मिळून 60 कोटी. मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिटची सरासरी उचल धरून बँकेचं देणं 60 कोटी. कॅश क्रेडिट दरवर्षी नूतनीकरण होऊन तसंच चालू राहतं, म्हणून ते कर्जात धरलं हे बरोबर केलंत. कर्जाचा दर 10 टक्के, 25.168 टक्के कर धरून करानंतर 7.48. सरकारी रोख्यांवर 7 टक्के, बाजार हलला की शेअर किती हलतो ते सांगणारा बीटा 1.2 आणि शेअर बाजाराचा जादा परतावा 6.5 टक्के धरल्यावर भागधारकांची अपेक्षा 14.8 टक्के होते. खालच्या सूत्रात E म्हणजे भागभांडवलाचं बाजारमूल्य, D कर्ज, V दोन्ही मिळून, Ke भागधारकांची अपेक्षा, Kd कर्जाचा दर, T कराचा दर, Rf सरकारी रोख्यांचा दर, Rm शेअर बाजाराचा परतावा आणि WACC म्हणजे भांडवलाच्या खर्चाची भारित सरासरी.

```
Ke   = Rf + β × (Rm − Rf) = 7 + 1.2 × 6.5 = 14.8
WACC = (E/V) × Ke + (D/V) × Kd × (1 − T)
     = 0.75 × 14.8 + 0.25 × 7.48 = 12.97
```

अकाउंटंटनी 60 आणि 60 असे निम्मे-निम्मे भार धरले, म्हणून 11.14 आलं. पण ताळेबंदातले 60 कोटी म्हणजे इतक्या वर्षांत मालकांनी घातलेले आणि नफ्यातून मागे ठेवलेले पैसे. आज ज्याच्या हातात तुमचा शेअर आहे तो तो 180 रुपयांना विकू शकतो. त्याला 14.8 टक्के हवेत ते या 180 वर, पुस्तकातल्या 60 वर नाहीत. कर्जाचं तसं नाही. बँकेचा दर बदलता असल्यामुळे पुस्तकातली रक्कम आणि बाजारमूल्य जवळपास सारखंच असतं, ते तसंच घेतलं तरी चालतं. जुने ठरावीक दराचे डिबेंचर असते तर त्यांची किंमतही आजच्या दराने काढावी लागली असती.

फरक केवढा पडतो ते मागांवरच बघा. दहा कोटींवर 12 टक्के म्हणजे वर्षाला 1.2 कोटी. हे कायम मिळत राहतील असं धरलं तर 11.14 टक्क्यांनी त्यांची आजची किंमत 10.77 कोटी होते आणि सौदा फायद्याचा दिसतो. 12.97 टक्क्यांनी ती 9.25 कोटी होते, म्हणजे पाऊण कोटी अंगावर येतात.

अकाउंटंटच्या हिशेबात आणखी एक चूक आहे आणि माझ्या मते तीच मोठी आहे. बीटा 1.2 हा बाजारातल्या भावावरून काढलेला आहे, तेही कंपनीत कर्जाचा वाटा पाव असताना. त्याला निम्म्या कर्जाचा भार जोडला की एका कंपनीचं डोकं दुसरीच्या धडावर बसतं. खरंच निम्मं कर्ज असतं तर भागधारकांची जोखीम वाढली असती. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हमादांच्या 1972 च्या सूत्राने, जे शेवटच्या उत्तरात दिलं आहे, बीटा आधी कर्जमुक्त करून निम्म्या कर्जासाठी पुन्हा चढवला तर तो 1.68 होतो. मग भागधारकांची अपेक्षा जवळपास 17.9 टक्क्यांवर जाते आणि सरासरी 12.7 च्या आसपास येते, 11.14 नव्हे. तीही बँकेने दर वाढवला नाही असं धरून, आणि एवढं कर्ज झाल्यावर बँक दर वाढवल्याशिवाय राहत नाही. भार, कर्जाचा दर आणि बीटा हे तिन्ही एकाच तारखेचे आणि एकाच कर्जप्रमाणाचे हवेत. हे जुळत नसेल तर पुढचे दशांश कितीही नेटके असोत, आकडा कामाचा नाही.

प्रश्न : सर, कर्जाचा खर्च करोत्तर घेतो, मग प्रकल्पाच्या नफ्यातूनही व्याज वजा करायचं का? आणि सरकारी योजनेतून व्याजात सूट मिळालेली असेल तर कुठला दर घ्यायचा? (सीए फायनलची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

व्याज वजा करायचं नाही. ते एकदा भारित सरासरीत आलेलं असतं, नफ्यातूनही काढलं की त्याची दोनदा वजावट होते. प्रकल्पाचा पैसा असा मोजायचा की जणू कर्जच नाही. वरच्या मागांचंच उदाहरण घे. त्यांचा व्याजाआधीचा नफा सुमारे 1.60 कोटी आहे, त्यावर पूर्ण कर लावल्यावर 1.20 कोटी उरतात. दहा कोटींपैकी अडीच कोटी कर्जाचे, त्यांचं व्याज 25 लाख, आणि त्यामुळे वाचणारा कर सुमारे सव्वासहा लाख. ही बचत 1.20 कोटींत मिळवायची नाही, कारण 10 टक्क्यांचे 7.48 झाले ते तिच्यामुळेच. परीक्षेत आणि ऑफिसातही सगळ्यात जास्त घसरण इथेच होते.

कराचा दर कंपनीला प्रत्यक्ष लागणारा घ्यायचा. 2019 साली आलेला 22 टक्क्यांचा पर्याय कंपनीने घेतला असेल तर त्यावर 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर धरून 25.168 टक्के होतात. भागीदारी पेढीला 30 टक्के आणि उपकर मिळून 31.2, उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. कंपनी तोट्यात असेल तर व्याजामुळे आज काहीच कर वाचत नाही. त्या वर्षांसाठी कर्जाचा खर्च पूर्ण 10 टक्केच धरायचा, सवयीने कर वजा करायचा नाही.

आता व्याजातल्या सवलतीचं. आपल्याकडे यंत्रमागवाल्यांनी व्याज सवलतीच्या योजनांवर बरेच माग घेतलेत, त्यामुळे हा प्रश्न इथे नेहमी येतो. सवलतीनंतर दर 6 टक्के पडला तरी सरासरीत तो घेऊ नकोस. आज बँकेकडे नवं कर्ज मागायला गेलं तर ज्या दराने मिळेल तो घ्यायचा. सवलत त्या एका कर्जापुरती आणि ठरलेल्या वर्षांपुरती असते. वर्षाला किती व्याज वाचतं ते काढ, त्याची आजची किंमत कर, आणि ती प्रकल्पाच्या किमतीत वेगळी मिळव. सवलतीचा दर सरासरीत मिसळला की ती संपल्यानंतरची वर्षंही स्वस्त दिसू लागतात. जुन्या ठरावीक दराच्या कर्जालाही हाच नियम लागतो.

प्रश्न : एका छोट्या कापड कंपनीचा बीटा वेबसाइटवर 0.35 दिसतो. त्यावरून भागभांडवलाचा खर्च 9.28 टक्के येतो. कंपनी सुरक्षित आहे असं समजायचं का? (निवृत्त बँक अधिकारी, होटगी रोड)

नाही. त्याच कंपनीला बँक 10 टक्क्यांनी कर्ज देते आहे ना? बँकेकडे मशिनरी तारण आहे आणि तिचे पैसे आधी फिटतात. भागधारकाला सगळ्यांचं देऊन उरलेलं मिळतं. तो बँकेपेक्षा कमी परताव्यावर समाधानी असेल हे शक्य नाही. तुम्ही कर्जं मंजूर केली आहेत, त्यामुळे ही खूण तुमच्या लगेच लक्षात येईल : भागभांडवलाचा खर्च कर्जाच्या खर्चाखाली आला की बीटा तपासायचा.

बहुतेक वेळा दोष शेअरच्या उलाढालीत असतो. असा शेअर काही दिवस विकलाच जात नाही. निफ्टी वर-खाली होतो, याचा भाव कालचाच राहतो आणि चारेक दिवसांनी एकदम उडी मारतो. रोजच्या भावांवरून गणित केलं तर बाजाराशी संबंधच नाही असं दिसतं आणि बीटा खोटा कमी येतो. बाजाराच्या हालचालीने भावातल्या चढउताराचा किती भाग उलगडतो हे बघा. तो दोन-चार टक्केच असेल तर त्या बीटावर भिस्त ठेवू नका. रोजच्याऐवजी आठवड्याचे किंवा महिन्याचे भाव घेऊन पुन्हा काढा. तरी समाधान झालं नाही तर नीट उलाढाल असलेल्या चार-पाच कापड कंपन्यांचे बीटा घ्या. पण प्रत्येकीचं कर्ज वेगळं असतं, म्हणून सरळ सरासरी काढू नका. ते कसं करायचं हे पुढच्या उत्तरात येतंच.

प्रश्न : आमची घरगुती प्रायव्हेट लिमिटेड. शेअर कुठे विकलेच जात नाहीत, मग बाजारमूल्य आणि बीटा आणायचे कुठून? भावाचा हिस्सा विकत घ्यायचा आहे. कर्ज 12 कोटी, पुस्तकी भांडवलही 12 कोटी. पुढल्या वर्षी व्याजाआधी, कर आणि गुंतवणूक जाऊन 3 कोटी हातात राहतील, पुढे दरसाल 4 टक्के वाढ. (चिंचोली एमआयडीसी)

बीटा बाजारातल्या कापड कंपन्यांकडून उसना घ्यायचा, कर्ज वजा करून.

```
βu = β ÷ [1 + (1 − T) × D/E]
β  = βu × [1 + (1 − T) × D/E]
```

समजा त्यांचा बीटा 1.3 आहे आणि बाजारमूल्याने कर्ज भागभांडवलाच्या निम्मं आहे. 25.168 टक्के कर धरला तर कर्जमुक्त बीटा 0.95 होतो. ही धंद्याची स्वतःची जोखीम : सुताचा भाव, निर्यातीची मागणी, विजेचं बिल. आता तुमचं कर्ज त्यावर चढवायचं. त्यासाठी भागभांडवलाचं बाजारमूल्य लागतं आणि तेच तर शोधायचं आहे. या फेऱ्यातून सुटायला अंदाजाने सुरुवात करून परत परत हिशेब करतात.

पहिल्या फेरीत पुस्तकी आकडे घ्या. 12 ला 12, बीटा 1.66, पहिल्या उत्तरातलेच दर धरून भागभांडवलाचा खर्च 17.8, सरासरी 12.64 टक्के. कंपनीची किंमत 3 कोटी भागिले 8.64 टक्के (सरासरीतून वाढीचे 4 वजा), म्हणजे सुमारे 34.7 कोटी. त्यातून कर्ज वजा जाता भागधारकांचे 22.7 कोटी. पुस्तकातले 12 नव्हेत, हे लक्षात आलंच असेल. दुसऱ्या फेरीत 12 ला 22.7 हे प्रमाण धरा. बीटा 1.33 वर उतरतो, सरासरी 12.81 होते आणि कंपनीची किंमत 34.05 कोटी. तिसऱ्या फेरीत सरासरी 12.80 येते, तिथे आकडा स्थिरावतो. भागधारकांचं मूल्य 22 कोटींच्या जवळ राहतं. एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे, पण फेऱ्या ओळीने लिहून ठेवा, म्हणजे भावालाही दाखवता येतील.

या आकड्याला दोन जागी तोल सांभाळावा लागेल. वाढ 4 ऐवजी 5 टक्के धरली तर त्याच सरासरीने कंपनीची किंमत 38 कोटींच्या पुढे जाते. म्हणून घासाघीस करायचीच तर वाढीच्या टक्क्यावर करा, बीटाच्या दुसऱ्या दशांशावर नको. दुसरं, तुमचा हिस्सा उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक शोधायला महिने जातील. बाजारातून उसन्या घेतलेल्या बीटात ही अडचण मोजलेली नसते. काही जण त्यासाठी भागभांडवलाच्या खर्चात दोन-तीन टक्के वाढवतात. मला ते पटत नाही, कारण ती भर कशावरून आली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आधी 22 कोटी काढा, मग न विकल्या जाणाऱ्या शेअरची सूट किती ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवा आणि करारात वेगळ्या ओळीवर लिहा.