मांजराचं पिल्लू हाताला चावतंय, काय करू? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

आमचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे, एकटंच आणलंय. हात दिसला की झडप घालून चावतं. रागीट आहे का?

नाही हो, ते खेळतंय. या वयात पिल्लं एकमेकांना धरतात, लोळवतात, मागच्या पायांनी लाथा मारतात, आणि त्यात एखादं जोरात चावलं की दुसरं ओरडतं किंवा उलटं चावतं किंवा सरळ खेळ सोडून निघून जातं. असं शंभर वेळा झालं की मग कळतं की दात किती जोरात लावायचे. तुमचं पिल्लू भावंडांपासून लवकर तुटलं, त्याला हा धडा पूर्ण मिळालाच नाही, म्हणून तो आता तुम्हाला द्यावा लागेल.

चावल्यावर हात झटकन मागे ओढू नका, ही सगळ्यात कॉमन चूक. पळणारी वस्तू म्हणजे शिकार, त्यामुळे पिल्लू आणखी घट्ट धरतं आणि ओढताना दातांनी कातडी फाटते ती वेगळीच. हात एकदम ढिला आणि स्थिर ठेवा, अगदी मेल्यासारखा. तरी सोडलं नाही तर हात हळूच त्याच्या तोंडाच्या दिशेने किंचित ढकला, तोंड सैल होतं. सुटल्या सुटल्या काही न बोलता उठा आणि अर्धा-एक मिनिट त्याच्याकडे बघूसुद्धा नका. मग परत या, पण हातात दोरीला पीस बांधलेली काठी घेऊन या. हात हलत नाही, खेळणं हलतं, एवढंच त्याला कळायला हवंय.

मी जोरात "आई गं" ओरडते, नाकावर टिचकीपण मारून बघितली. उलट जास्तच चावतो.

ताई, टिचकी आजपासून बंद करा प्लीज. नाकाकडे येणारं बोट त्याच्यासाठी खेळाचंच आमंत्रण असतं, आणि जोरात लागलं तर तो हाताला घाबरायला लागतो, मग खेळातलं चावणं जाऊन भीतीचं चावणं येतं आणि ते घालवणं फार अवघड. पाण्याचा फवारा, मान धरून उचलणं, तेही नकोच. ओरडण्याने काही पिल्लं थांबतात, काहींना आणखी चेव येतो. तुमचा दुसऱ्या प्रकारातला दिसतोय, त्यामुळे गप्प उठून जाणंच बरं.

खरं तर चावण्याच्या आधीच बघायला शिका. बुबुळं मोठी काळी होतात, कान बाजूला झुकतात, शेपटीचं टोक फटकारायला लागतं. एवढं दिसलं की हात काढून घ्यायचा आणि खेळणं पुढे टाकायचं.

आम्ही सगळे हात लावत नाही, पण माझा नवरा बोटं नाचवून कुस्ती खेळतो. "आत्ता लहान आहे, काही होत नाही" म्हणतो. एकट्याने चालेल का?

नाही चालणार. माझ्याकडे अकरा आठवड्यांचं एक पिल्लू होतं, आम्ही नियम लावला आणि तिसऱ्या दिवशी ते आधीपेक्षाही जास्त चावायला लागलं. हे होतंच, कारण जे इतके दिवस चालत होतं ते अचानक बंद झालं की पिल्लू आधी आणखी जोर लावून बघतं. नेमकं त्याच दिवशी घरातल्या एकाने वैतागून हाताने खेळवलं, आणि पिल्लू काय शिकलं, तर जोर लावला की हात मिळतो! आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केली. दिवसातून चार वेळा सात-आठ मिनिटं काठीने खेळ, दर वेळी शेवटी खेळणं त्याला खरंच पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं. कुस्तीसाठी त्याच्याएवढंच लांब कापडी खेळणं दिलं, ते पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी तुडवायला. तीन आठवड्यांत हाताला दात लागणं जवळजवळ थांबलं. नवऱ्याला हे कापडी खेळणं द्या, कुस्तीची हौस त्याच्यावरच भागवू दे. आज दुधाचे दात आहेत, सहा महिन्यांपर्यंत पक्के येतात आणि जबड्यात ताकदही येते, तेव्हा हाच खेळ रक्त काढेल.

आणि हो, खेळ झाला की काठी कपाटात ठेवा, दोरी गिळली तर आतडी अडकतात.

रात्री चालताना पायावर झडप घालतं, त्याचं काय?

झोपण्याआधी एक खेळ आणि मग जेवण. ज्या कोपऱ्यातून ते झेपावतं तिथे पोचायच्या आधीच छोटा बॉल पुढे फेका. पकडलंच तर पाय झटकू नका, थांबा.

काल दात खोल गेला, बारीक भोक पडलंय, दुखत नाही फार. दुर्लक्ष करू का?

नको. मांजराचा दात सुईसारखा असतो, भोक वरून लगेच मिटतं आणि जंतू आत राहतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा, रेबीजच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा. सूज, लाली, ठणका वाढला तर एक रात्रसुद्धा थांबू नका, बोटाच्या सांध्याजवळ असेल तर अजिबातच नाही.