‘पाल्य’ की ‘मुलं’, ‘आपण’ की ‘तुम्ही’?

प्रश्न : शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी आम्ही मराठी ॲप काढले आहे. पालकांसाठी जाहिरात करताना ‘आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ ही भाषा बरी की साधी बोली? ‘आपण’ म्हणावे की ‘तुम्ही’?

उत्तर : साधी बोली आणि ‘तुम्ही’.

‘पाल्य’ हा शब्द शाळेच्या सूचनापत्रकातला आहे. ‘पालकांनी आपल्या पाल्यास वेळेवर पाठवावे’ या वाक्याची इतकी सवय झालेली असते, की तो दिसताच पालकांना पुढे फी किंवा तंबी येणार असे वाटते. शिवाय तो पुल्लिंगी वापरला जातो, त्यामुळे ‘आपला पाल्य चमकेल’ म्हणताच मुलगी बाजूला पडते. ‘तुमचं मूल’ यात लिंगाची अडचण नाही, पण दहा वर्षांच्या मुलीला घरात कोणी ‘मूल’ म्हणत नाही. म्हणून अनेकवचनी ‘मुलं’ घ्यावे. ‘मुलगे बसले’ आणि ‘मुलं बसली’ हा फरक क्रियापदातच असल्याने मुलगे व मुली दोघेही त्यात येतात. ‘मुलांना’ या रूपात मात्र तो फरक पुसला जातो. तेव्हा शक्य तेथे ‘मुलं’ हाच वाक्याचा कर्ता ठेवावा.

‘आपण’ आदरार्थी असले, तरी त्यात बोलणाराही सामील होऊ शकतो. ‘आपण रोज वीस प्रश्न सोडवू’ हे शिक्षकाच्या तोंडी शोभते. पण ‘आपण नोंदणी करावी’ हे थेट कार्यालयातून आल्यासारखे वाटते. ‘तुम्ही’मध्ये आदर पुरेसा आहे.

खरी कसोटी सेमी-इंग्रजीच्या घरात लागते. तेथे आई मराठी माध्यमात शिकलेली असते आणि ‘छेद समान कर’ म्हणते. मुलाने मात्र वर्गात ‘डिनॉमिनेटर’ ऐकलेला असतो. तुमच्या ॲपमध्ये दोन्ही शब्द शेजारीशेजारी दिसत असतील, तर जाहिरातीत तेच सांगावे, कारण ‘परिपूर्ण शैक्षणिक मंच’ या शब्दांतून पालकाला काहीच कळत नाही. परीक्षेचे नाव अधिकृत मजकुरात ‘शिष्यवृत्ती’ असू द्यावे, पण मथळ्यात ‘स्कॉलरशिप’ चालेल. घरोघरी ‘स्कॉलरशिपला बसवलंय’ असेच म्हणतात. मी असा मजकूर करीन :

‘मुलं यंदा स्कॉलरशिपला बसणार आहेत? तुम्ही छेद म्हणता, ती डिनॉमिनेटर म्हणतात. आमच्या सरावात दोन्ही आहे.’

मथळ्यात ‘बसवलंय’ आणि खाली ‘तुमचे गणित कसे सुटेल’ अशी सरमिसळ मात्र टाळावी. अनुस्वाराची बोली रूपे घेतली, तर ती जाहिरातीच्या शेवटापर्यंत न्यावीत. अटी व शुल्काचा मजकूर वेगळा ठेवून तो प्रमाण लेखनात द्यावा. ‘यशाची हमी’ मात्र दोन्हीकडून काढावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी कोचिंगच्या जाहिरातींत निवडीची वा गुणांची हमी देण्यास मनाई केली आहे, आणि बहुतेक पालक ते शब्द वाचून हसतात.