पगाराच्या मेलआधी ग्रेड तपासा

प्रश्न : मी अ‍ॅनालिस्ट आहे. चार महिन्यांपूर्वी कंपनीतल्याच दुसऱ्या टीममध्ये बदली झाली. आधी फक्त रिपोर्ट बनवायचे. आता तिघांचं काम तपासते आणि दर महिन्याचा अंदाज वरिष्ठांपुढे मांडते. पगार तोच आहे. मॅनेजरना मेल लिहिलाय, त्यात ‘कामाचा ताण खूप वाढला आहे’ असं म्हटलंय. पाठवू का?

उत्तर : ताणाचं वाक्य काढून टाका. त्यावर ‘थोडं काम दुसऱ्याकडे देऊ’ असं उत्तर मिळेल आणि पगाराचा विषय तिथेच संपेल. तुमचा मुद्दा कामाच्या पातळीचा आहे, तासांचा नाही.

मेलआधी बदलीचं पत्र उघडा आणि त्यात ग्रेड कोणता लिहिलाय ते बघा. सगळं यावर ठरतं. ग्रेड जुनाच असेल तर एचआरच्या लेखी ही समपातळीची बदली आहे. अशा वेळी आधी ग्रेडचा फेरविचार मागावा लागतो, कारण पगार सहसा जुन्या ग्रेडच्या बँडबाहेर, म्हणजे त्या ग्रेडसाठी ठरलेल्या किमान-कमाल पगाराच्या मर्यादेबाहेर, जात नाही. ग्रेड बदलला पण पगार बदलला नाही, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

समजा नव्या ग्रेडचा बँड 80 ते 120 आहे, मध्य 100, आणि तुमचा पगार 76. म्हणजे तुम्ही किमान पातळीच्याही खाली आहात. नुसतं 80 वर यायला साधारण सव्वापाच टक्के वाढ लागते. 90 वर जायला साडेअठराच्या आसपास. जुन्या पगारावर अठरा टक्के मागितले की आकडा डोळ्यांत भरतो. तीच मागणी ‘बँडच्या मध्याच्या दहा टक्के खाली’ अशी मांडली की रास्त वाटते. बँड माहीत नसेल तर मॅनेजरना विचारा. सहकाऱ्यांच्या पगाराचा उल्लेख मात्र अजिबात नको.

मॅनेजरशी आधी तोंडी बोला, कारण प्रस्ताव त्यांनाच पुढे पाठवायचा असतो. मग असं लिहा :

‘बदलीनंतर मी तिघांच्या कामाची तपासणी आणि मासिक अंदाजाचं सादरीकरण सांभाळते आहे. या दोन्ही जबाबदाऱ्या माझ्या आधीच्या भूमिकेत नव्हत्या. माझा ग्रेड आणि पगार या भूमिकेशी जुळवून घेण्याबाबत एचआरकडे प्रस्ताव पाठवाल का? बदल बदलीच्या तारखेपासून लागू व्हावा, अशी विनंती आहे.’

शेवटची ओळ गाळू नका. मागचा फरक मिळेलच असं नाही, पण तारीख मागितलीच नाही तर विषय सहज पुढच्या अप्रेझलवर जातो. तिथे ही दुरुस्ती आणि नेहमीची वार्षिक वाढ एकाच आकड्यात मिसळली जाते आणि एक वाढ हातची जाते. ‘अप्रेझलमध्ये बघू’ असं उत्तर आलंच, तर दोन्ही आकडे वेगळे धरले जातील का, एवढंच मेलवर विचारून ठेवा.